दुर्रीची ट्रेल एक्का-राजा-राणीला का हरवते? तीन पत्तीची क्रमवारी, नव्या खेळाडूंसाठी

तीन पत्ती शिकायला बसलेला माणूस एका जागी हमखास अडखळतो. त्याच्या हातात इस्पिकचा एक्का, राजा आणि राणी असते. शो होतो, म्हणजे पानं उघडली जातात. समोरचा तीन दुर्र्या टाकतो आणि पॉट ओढून घेतो. नवख्याला वाटतं, याने कुठलीतरी फालतू पानं टाकली. पण नियम सरळ आहे: तीन सारख्या पानांची सगळ्यात लहान ट्रेलसुद्धा, एकाच चिन्हाच्या सलग तीन पानांच्या सगळ्यात मोठ्या प्युअर सिक्वेन्सला हरवते. असं का, याचं उत्तर बहुतेक जण ठोकून देतात, “ट्रेल दुर्मीळ असते म्हणून.” गंमत अशी, की हे उत्तर चूक आहे. ते का चूक आणि खरं काय, ते आपण पानं मोजून बघू. त्याआधी क्रमवारी नीट ओळखता यायला हवी.

आधी पानं लावून घ्या

तीन पानं हातात आली की ती मोठ्याकडून लहानाकडे लावा. एक्का सगळ्यात वर, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी असं करत दुर्रीपर्यंत. हे आळस न करता करा, कारण ९-७-८ अशी वेडीवाकडी आलेली पानं घाईत सिक्वेन्स म्हणून दिसत नाहीत, आणि चांगली पानं पॅक करून, म्हणजे डाव सोडून, टाकणारे नवखे अशानेच तयार होतात.

मग स्वतःला याच क्रमाने प्रश्न विचारा. तिन्ही पानं एकाच किमतीची आहेत का? असतील तर ट्रेल, पुढे बघायचंच नाही. नसतील तर तिन्ही सलग आहेत का? सलग असतील आणि तिन्ही एकाच चिन्हाची असतील तर प्युअर सिक्वेन्स. सलग आहेत पण चिन्हं मिसळलेली आहेत, तर साधा सिक्वेन्स. सलग नाहीत पण तिन्ही एकाच चिन्हाची आहेत, तर कलर. यातलं काहीच नाही पण दोन पानं सारखी आहेत, तर जोडी. तेही नाही, तर तुमच्याकडे फक्त सगळ्यात वरचं पान आहे.

वरून खाली क्रम असा:

१. ट्रेल (७-७-७)
२. प्युअर सिक्वेन्स (बदामची ९-८-७)
३. सिक्वेन्स (वेगवेगळ्या चिन्हांची ९-८-७)
४. कलर (चौकटचा राजा, अठ्ठी, तिर्री)
५. जोडी (गुलाम-गुलाम-पंजी)
६. वरचं पान (राजा, नव्वी, चव्वी, चिन्हं मिसळलेली)

दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे कलर. इथे कलर म्हणजे लाल किंवा काळा नव्हे; बदाम आणि चौकट दोन्ही लाल असले तरी त्यांचं मिळून कलर होत नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी एकाचीच तिन्ही पानं लागतात. दुसरं म्हणजे एक्का. एक्का राजा-राणीच्या वरही बसतो आणि दुर्री-तिर्रीच्या खालीही, पण तो मधोमध बसत नाही. राजा-एक्का-दुर्री हा सिक्वेन्स नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित याच एका गोष्टीवर येऊन टेकतं.

सिक्वेन्समध्ये कोण मोठं, याबद्दल टेबलाटेबलावर फरक पडतो. तीन पत्तीत सर्वसाधारणपणे एक्का-राजा-राणी सगळ्यात वर, त्याखाली एक्का-दुर्री-तिर्री, त्याखाली राजा-राणी-गुलाम आणि पुढे उतरत उतरत ४-३-२. काही जण एक्का-दुर्री-तिर्रीलाच सगळ्यात वर ठेवतात. इंग्लंडच्या थ्री-कार्ड ब्रॅगमध्येही तोच प्रकार आहे: तिथे एक्का-दुर्री-तिर्री हा सगळ्यात मोठा सिक्वेन्स, आणि ट्रेलमध्ये तर एक्क्यांची नव्हे, तिर्र्यांची ट्रेल सगळ्यांच्या वर. (ट्रेलला तिथे प्रायल म्हणतात.) पहिलं पान वाटायच्या आधी हे दोन्ही प्रश्न विचारून घ्या. शो झाल्यावर विचारलेला प्रश्न हा भांडणाचाच एक प्रकार असतो.

मोजूया: ट्रेल किती, प्युअर सिक्वेन्स किती

बावन्न पानांतून तीन पानं निवडायचे एकूण २२,१०० प्रकार आहेत. कोणती पानं आधी आली, कोणती नंतर, हे इथे मोजत नाही. फक्त हातात शेवटी कोणती तीन आहेत तेवढंच.

ट्रेल मोजणं सोपं आहे. कॅटमध्ये सत्त्या चार. त्यातल्या तीन घ्यायच्या म्हणजे एक बाहेर ठेवायची, आणि बाहेर कोणती ठेवायची याचे चार पर्याय. म्हणून सत्त्यांच्या ट्रेल चार. अशा किमती तेरा, तेव्हा एकूण ट्रेल १३ × ४ = ५२.

आता प्युअर सिक्वेन्स. एकाच चिन्हात, समजा बदामात, सलग तिघांचे गट किती पडतात ते बोटांवर मोजा. एक्का-दुर्री-तिर्रीपासून सुरुवात, मग दुर्री-तिर्री-चव्वी, आणि शेवटचा राणी-राजा-एक्का. मोजून बारा. चिन्हं चार, म्हणून १२ × ४ = ४८.

म्हणजे ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८. ट्रेल सरासरी ४२५ डावांत एकदा हातात येते, प्युअर सिक्वेन्स साधारण ४६० डावांत एकदा. दुर्मीळ आहे ती प्युअर सिक्वेन्स, आणि तरी ती खाली आहे.

पुढच्या पायऱ्यांवर मात्र हा घोळ नाही. साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोड्या ३,७४४ आणि काहीच न जुळलेले १६,४४०. जेवढं दुर्मीळ तेवढं वर, हा नियम तिथे तंतोतंत पाळला जातो. पाच पानांच्या पोकरमधून आलेल्या खेळाडूला सिक्वेन्स कलरच्या वर बघून दचकायला होतं, कारण पोकरमध्ये ते उलट असतं. पण तिथे पाच पानं सलग जुळवायची असतात, इथे तीन. तीन पानांत कलर सिक्वेन्सपेक्षा सहज जमतो, म्हणून तो खाली. थोडक्यात, सहा पायऱ्यांच्या या जिन्यात गणिताला न जुमानणारी जागा एकच आहे, आणि ती सगळ्यात वर आहे.

चारचा फरक येतो कुठून

आकडे पाठ करण्यापेक्षा हा फरक कुठून येतो ते बघणं जास्त मजेचं आहे. समजा तुमच्या हातात बदामची अठ्ठी आली. या एका पानापासून किती ट्रेल होऊ शकतात? उरलेल्या तीन अठ्ठ्यांतून दोन घ्यायच्या, म्हणजे तीन प्रकार. आणि याच पानापासून प्युअर सिक्वेन्स किती? ६-७-८, ७-८-९ आणि ८-९-१०. तेही तीनच.

अठ्ठीच्या बाबतीत दोन्ही अगदी बरोबरीत आहेत. तिर्रीपासून राणीपर्यंत कुठलंही पान घ्या, हेच उत्तर येईल. राणी घेऊन बघा: दश्शी-गुलाम-राणी, गुलाम-राणी-राजा, राणी-राजा-एक्का. तीन.

बिघाड होतो तो टोकाला. राजा घ्या: गुलाम-राणी-राजा आणि राणी-राजा-एक्का, बस. तिसरा गट राजा-एक्का-दुर्री झाला असता, पण तो चालत नाही. दुर्रीला एक्का-दुर्री-तिर्री आणि दुर्री-तिर्री-चव्वी हे दोन मिळतात, तिसरा पुन्हा तोच राजा-एक्का-दुर्री. एक्क्याचंही तसंच. तिन्ही पानांचा अडलेला गट एकच आहे. तो गट चार चिन्हांत चार वेळा झाला असता, आणि ५२ वजा ४८ म्हणजे तेच चार.

कुणी एखाद्या घरात राजा-एक्का-दुर्री चालवतच असेल, तर तिथे प्युअर सिक्वेन्स ५२ होतात आणि ट्रेलशी बरोबरी होते. उलट कुणी एक्का फक्त वरच बसवत असेल, एक्का-दुर्री-तिर्री मानत नसेल, तर त्या ४४ वर येतात. म्हणजे एक्क्याचा नियम कसाही फिरवा, साध्या कॅटमध्ये ट्रेल प्युअर सिक्वेन्सपेक्षा दुर्मीळ होत नाही. फार तर बरोबरीला येते.

मग ट्रेल वर का

एक कारण जुनं आहे. तीन पत्ती हा ब्रॅगच्या कुळातला खेळ, आणि जुन्या ब्रॅगमध्ये सिक्वेन्स आणि कलर नव्हतेच. एडमंड हॉइल या इंग्रज लेखकाने १७५१ मध्ये ब्रॅगवर छोटी पुस्तिका लिहिली तेव्हाच्या खेळात जुळण्या दोनच महत्त्वाच्या होत्या: जोडी, आणि तिच्यावर तीन सारखी पानं. सिक्वेन्स आणि कलर मागाहून आले. नवे आले ते आधीच्या राजाच्या खाली बसले. त्यांची मोजणी करून राजाला कुणी उतरवलं नाही.

दुसरी गोष्ट टेबलावर रोज अनुभवाला येते. एका कॅटमध्ये सत्त्या चारच असतात, त्यामुळे एकाच डावात दोघांकडे सत्त्यांची ट्रेल असू शकत नाही. ट्रेल विरुद्ध ट्रेल झालं तर एक मोठी आणि एक लहान ठरतेच. प्युअर सिक्वेन्सचं तसं नाही. एक्का-राजा-राणी एकाकडे इस्पिकची आणि दुसऱ्याकडे बदामची येऊ शकते, आणि तीन पत्तीत चिन्हांना लहानमोठेपणा नसतो, त्यामुळे ती बरोबरी होते. प्युअर सिक्वेन्सला शेंड्यावर बसवलं तर खेळातली सगळ्यात मोठी पानं हातात असूनही बरोबरीची शक्यता उरते. ट्रेल वर असल्यामुळे एक्क्यांची ट्रेल हा असा एक हात राहतो की जो हरतही नाही आणि बरोबरीतही सुटत नाही. मला हे कारण इतिहासाहून जास्त पटतं, जरी नियम ठरवणाऱ्यांच्या डोक्यात ते होतं असा माझा दावा नाही.

गणिताला मान देणारा खेळही आहे. डेरेक वेब यांनी १९९० च्या दशकात कसिनोसाठी काढलेल्या थ्री कार्ड पोकरमध्ये हाच क्रम उलटा आहे: एकाच चिन्हाची सलग पानं वर, तीन सारखी पानं त्याखाली. पानं तीच, कॅट तोच. तिथून आलेला खेळाडू तुमच्या टेबलावर दुर्रीच्या ट्रेलकडे बघून “हरलास” म्हणाला तर तो लबाडी करत नाहीये, वेगळा खेळ खेळतोय.

एक डाव, पूर्ण मोजून

नियम कळला, पण खेळताना त्याने फरक काय पडतो? समजा तुमच्याकडे बदामची ९-८-७ आहे. पानं बघून चाल चालू आहे, समोर एकच खेळाडू उरलाय आणि तो थांबायला तयार नाही.

तुमची तीन पानं काढली की कॅटमध्ये ४९ उरतात आणि त्यातून समोरच्याला तीन पानं यायचे १८,४२४ प्रकार. त्यातले किती तुम्हाला हरवतात? ट्रेलपासून सुरुवात. नव्वी, अठ्ठी, सत्ती यांतली एकेक तुमच्याकडे आहे, त्यामुळे त्या तीन किमतींच्या प्रत्येकी एकच ट्रेल शक्य. बाकी दहा किमतींच्या प्रत्येकी चार. ३ + ४० = ४३.

आता तुमच्यापेक्षा मोठ्या प्युअर सिक्वेन्स. ९-८-७ च्या वर सहा गट आहेत: एक्का-राजा-राणी, एक्का-दुर्री-तिर्री, राजा-राणी-गुलाम, राणी-गुलाम-दश्शी, गुलाम-दश्शी-नव्वी आणि दश्शी-नव्वी-अठ्ठी. बाकीच्या तीन चिन्हांत ते सहाही होऊ शकतात, म्हणजे अठरा. बदामात मात्र शेवटचे दोन होणार नाहीत, कारण बदामची नव्वी आणि अठ्ठी तुमच्याकडेच आहेत. चार उरले. एकूण बावीस.

तुम्हाला हरवणारे हात ४३ + २२ = ६५. साधारण २८३ त एक. आणि त्या ६५ पैकी दोन-तृतीयांश नुसत्या ट्रेल आहेत. प्युअर सिक्वेन्स घेऊन तुम्ही हरलात तर बहुतेक वेळा ट्रेलकडून हराल, दुसऱ्या प्युअर सिक्वेन्सकडून नाही. तुमच्याकडे एक्का-राजा-राणी असती तर मोठी सिक्वेन्स हा धोकाच गेला असता, ट्रेलचा मात्र तसाच राहिला असता.

हा हिशोब समोर एकच माणूस धरून आहे. सुरुवातीला चार जण समोर असतील तर धोका जवळपास चौपट, सत्तरात एक वगैरे. शिवाय हे आकडे पानं वाटल्या क्षणाचे आहेत. जो माणूस पानं बघून सात-आठ चाली चढवत राहिलाय तो कुठल्याही तीन पानांवर बसलेला नाही. साधे हात केव्हाच पॅक झालेत. तो कसा खेळतो हे तुम्हाला माहीत असेल तर २८३ हा आकडा त्याच्या बाबतीत बराच खाली आणावा लागेल. तो अजून पानं न बघता बंद खेळत असेल, तर मात्र आकडा जशाचा तसा लागू.

बरोबरीचंही इथेच सांगून टाकतो. समोरच्याकडे इस्पिकची, चौकटची किंवा किलवरची ९-८-७ निघाली तर चिन्ह बघून निकाल लावायचा नाही. ज्याने शो मागितला तो हरतो, ही रूढ पद्धत. म्हणजे बरोबरीची शक्यता दिसत असेल तर शो दुसऱ्याला मागू देण्यात फायदा आहे. ट्रेल हातात असताना हा विचारच करावा लागत नाही.

जोकर आला की

कॅटमध्ये एक जोकर घातला आणि तो कुठल्याही पानाऐवजी चालतो असं ठरवलं, तर वरचं सगळं गणित फिरतं. कुठल्याही जोडीला जोकर मिळाला की ट्रेल. जोड्या १३ × ६ = ७८, म्हणून ट्रेल ५२ + ७८ = १३०. प्युअर सिक्वेन्ससाठी एकाच चिन्हाची दोन पानं हवीत, शेजारची किंवा मधे एक सोडून. शेजारच्या जोड्या एका चिन्हात १३, मधे एक सोडलेल्या १२, मिळून २५. चार चिन्हांत १००. त्यामुळे प्युअर सिक्वेन्स ४८ + १०० = १४८. आता ट्रेल खरोखरच दुर्मीळ झाली, आणि “दुर्मीळ म्हणून वर” हे उत्तर पहिल्यांदाच बरोबर ठरलं.

दोन जोकर घातले की पुन्हा विचका होतो. दोन जोकर आणि कुठलंही एक पान, असे ५२ हात तयार होतात आणि त्यांना ट्रेलही म्हणता येतं, प्युअर सिक्वेन्सही. ज्याच्या हातात ते येतील तो अर्थात जे वर आहे तेच म्हणणार. ट्रेल वर ठेवली तर ट्रेल २६० आणि प्युअर सिक्वेन्स २४८. वैतागून प्युअर सिक्वेन्स वर ठेवली तर ते ५२ हात तिकडे जातात: प्युअर सिक्वेन्स ३००, ट्रेल २०८. ज्याला वर बसवाल तेच जास्त वेळा येतं, त्यामुळे दोन जोकरांच्या डावात मोजून क्रम लावायचा प्रयत्न करू नका. नेहमीचाच क्रम ठेवा, आणि जोकर लागलेली ट्रेल निव्वळ ट्रेलच्या बरोबरीची की खालची, तेवढं मात्र आधी ठरवून घ्या. जोकरांमुळे दोघांकडे एकाच किमतीची ट्रेल येऊ शकते, आणि साध्या कॅटमध्ये कधीच न पडणारा हा प्रश्न इथे शोच्या वेळी समोर उभा राहतो.